तीन बारा ते साडेआठ

बुधवारी दुपारी ३ वाजून १२ मिनिटांनी नवऱ्याचा मेसेज आला. ‘आपल्याला बोलायला हवं.’ एवढंच. त्याच्या वरचा मेसेज सकाळचा होता, ‘किल्ली माझ्याकडे आहे’, आणि त्यावर मी उमटवलेला अंगठा. त्या दोन मेसेजांच्या मध्ये सहा तास आणि या तीन शब्दांपर्यंत पोचायचा रस्ता कुठेच दिसत नव्हता. मी ऑफिसात एका तक्त्यातले आकडे जुळवत बसले होते. वाचलं आणि समोरच्या आकड्यांना एकदम काही अर्थच उरला नाही. कानांमागे गरम वाटू लागलं, तळवे मात्र गार. झोपेत पाय घसरल्याचा भास होऊन दचकून जाग यावी, तसं पोटात काहीतरी झालं, फक्त मी जागीच होते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण काहीतरी विचारत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते आणि शब्द उशिरा पोचत होते.

या गोष्टीला आता पाच महिने होतील. त्या संध्याकाळी जे बोलणं झालं त्याबद्दल पुढे सांगेनच. पण माझ्या मनात रुतून बसलं आहे ते बोलणं नाही, त्याआधीची दुपार. मी त्याला उत्तर पाठवलं ३ वाजून ४१ मिनिटांनी. त्या २९ मिनिटांत जे घडलं ते बाहेरून कोणालाही दिसलं नसेल.

आधी त्या वाक्याकडे बघते, कारण त्या दिवशी मी ते फार वेळ बघत होते. आपल्या भाषेत हेच किती तऱ्हांनी म्हणता येतं. ‘बोलूया ना’ म्हटलं की त्यात हात पुढे केलेला असतो. ‘तुझ्याशी बोलायचंय’ म्हटलं की बोलणाऱ्याकडे काहीतरी आहे आणि ते त्याला माझ्यापर्यंत आणायचं आहे, एवढं कळतं. ‘जरा बोलायचं होतं’ यातला ‘होतं’ तर सगळी धारच काढून घेतो. पण ‘बोलायला हवं’ यातल्या ‘हवं’मध्ये इच्छेचा मागमूस नाही. कर्तव्य आहे, बरेच दिवस टाळलेलं काहीतरी आहे. आणि ‘आपल्याला’ हा शब्द एरवी मला किती आवडतो! ज्याच्याशी बोलतो आहोत त्यालाही स्वतःबरोबर धरून घेणारा हा शब्द. त्या दुपारी मात्र वाटलं, हा शब्द त्यानं मुद्दाम घातला आहे, मला एकटीला समोर उभं केल्यासारखं वाटू नये म्हणून. म्हणजे गोष्ट तेवढी मोठी आहे. बघा, तीन शब्दांतून मी दोन मिनिटांत काय काय उपसून काढलं होतं. त्यातलं त्यानं किती लिहिलं होतं आणि मी किती भरलं होतं?

पहिली चार उत्तरं मी टाइप केली आणि पुसली. ‘काय झालं?’ हे पहिलं. मग ‘मी काही केलं का?’ मग ‘आत्ता फोन करू?’ आणि चौथं, ज्याची मला अजून लाज वाटते, ‘परत तेच का?’ चौथं तर उघडच भांडणाचं होतं. ‘ते’ म्हणजे काय हे मलाही ठाऊक नव्हतं. पहिली तीन मात्र वरवर अगदी साधी, प्रेमाची वाटतात. ती का पाठवली नाहीत याचं कारण सात वर्षं जुनं आहे.

लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा त्यानं असाच एक मेसेज टाकला होता आणि मी लगेच ‘काय झालं?’ म्हणून विचारलं होतं. त्यानं लिहिलं, ‘घरी आल्यावर सांगतो.’ मी लिहिलं, ‘नाही, आत्ता सांग.’ तो गप्प. मग मी एकामागून एक सतरा मेसेज पाठवले. नंतर मोजले म्हणून आकडा माहीत आहे. त्यांचा क्रम आजही डोळ्यांसमोर आहे. आधी काळजी, मग विनवणी, मग आरोप, मग ‘तुला बोलायचंच नसतं कधी’, मग ‘जाऊ दे, नको सांगूस’. मध्ये चार मिस्ड कॉल. शेवटी त्यानं फोन बंद केला. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आमचं कडाक्याचं भांडण झालं, आणि ते पूर्ण त्या सतरा मेसेजांबद्दल आणि बंद केलेल्या फोनबद्दल होतं. त्याला मुळात काय बोलायचं होतं ते मला तीन आठवड्यांनी कळलं. माझ्या भावासमोर मी त्याच्या नोकरीवरून काहीतरी बोलले होते आणि ते त्याला लागलं होतं. दहा मिनिटांचं बोलणं होतं ते. मी माफी मागितली असती, मनापासून मागितली असती. पण तोवर ती जखम खाली गाडली गेली होती आणि वर दुसरी झाली होती.

एक जण मागे लागतो, दुसरा आत आत सरकतो, आणि जितका तो सरकतो तितका पहिला जोरानं मागे लागतो. जोडप्यांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकांना हे चक्र तोंडपाठ असतं. आमच्या समुपदेशक बाईंनी ते कागदावर काढून दाखवलं होतं, दोन बाण एकमेकांची शेपटी धरलेले. मी विचारलं होतं, सुरुवात कोण करतो? त्या म्हणाल्या, ‘प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं केली.’

‘काय झालं?’ या प्रश्नात खोट काय, हे मला त्या कागदाकडे बघताना कळलं. तो प्रश्न बोलणं ताबडतोब मेसेजमध्ये ओढतो. समोरच्यानं समोरासमोर बोलायचं म्हणून धीर गोळा केलेला असतो, आणि आपण त्याला सांगतो की नाही, आत्ता, इथे, अंगठ्यानं टाइप करून सांग. मग तो एक तर अर्धवट सांगतो, आणि ते अर्धवट मी माझ्या भीतीनं पूर्ण करते. किंवा गप्प बसतो, आणि ती शांतता मी मेसेजपेक्षा मोठी करते. ‘मी काही केलं का?’ हा प्रश्न त्याहून अवघड. त्याला ‘नाही’ म्हटलं तर कदाचित ते खोटं ठरेल, ‘हो’ म्हटलं तर खटला तिथेच सुरू. शिवाय त्यात मी बोलण्याचा विषय ‘मी’ करून टाकते. त्याचं जे काही असेल ते बाजूला आणि माझी धास्ती मधोमध.

आणि तरीही विचारावंसं वाटतंच. मला या वाटण्याचा राग येत नाही. लहानपणी आई कामाला निघताना कधीतरी म्हणायची, ‘संध्याकाळी आल्यावर बोलते तुझ्याशी.’ मग तो अख्खा दिवस. वर्गात फळ्यावर काय लिहिलं जातंय ते दिसायचं नाही. मी माझे सगळे गुन्हे मनात मांडून ठेवायची, तिला माहीत असलेले आणि नसलेले. एकदा तर ती फक्त माझ्या चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचं म्हणाली. त्या संध्याकाळी मी आधीच दोन गोष्टी कबूल करून बसले होते. शरीर हे विसरत नाही. पस्तिशी ओलांडलेल्या बाईच्या तळव्यांना त्या दुपारी नऊ वर्षांच्या मुलीसारखाच घाम आला होता.

वाट बघणं वाईट बातमीपेक्षाही जड असतं, हे नुसतं माझं म्हणणं नाही. लंडनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ४५ जणांना संगणकावर दगड दाखवायचे आणि त्याखाली साप आहे की नाही ते ओळखायला सांगायचं. साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका. बुबुळांचा आकार आणि घाम मोजून त्यांनी ताण टिपला. सगळ्यात जास्त ताण कधी आला? झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना नाही. बसेल की नाही याची शक्यता निम्मीनिम्मी असताना. हे मी वाचलं तेव्हा मला फार हलकं वाटलं. म्हणजे त्या तीन शब्दांनी जे होतं ते माझ्या नात्याचं भाकीत नाही. तो दगड आहे, आणि खाली काय आहे ते मला माहीत नाही, एवढंच माझं शरीर मला सांगत असतं. छातीत धडधडतंय म्हणजे काहीतरी भयंकर असणारच, हा निष्कर्ष चुकीचा. धडधड न कळण्याची आहे.

त्या दुपारी मी फोन पालथा ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळात बघितलं. बसल्या जागी ठोके ११२. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं जोडप्यांना भांडताना प्रयोगशाळेत बसवून त्यांचे हृदयाचे ठोके मोजले आहेत. बोलता बोलता ठोके शंभराच्या पुढे गेले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, असं त्यांचं निरीक्षण आहे, आणि शरीर खाली यायला निदान वीस मिनिटं तरी लागतात. एका प्रयोगात त्यांनी भांडण मध्येच थांबवलं, यंत्रात बिघाड आहे असं सांगून जोडप्यांना मासिकं वाचत बसायला लावलं. पुन्हा बोलायला बसली तेव्हा ठोके उतरलेले होते आणि तीच माणसं त्याच विषयावर पुष्कळ समजुतीनं बोलत होती. यातली मासिकं मला महत्त्वाची वाटतात. नुसती वीस मिनिटं गेली म्हणून काही होत नाही. त्या वीस मिनिटांत मी मनात त्याच्याशी भांडत राहिले, त्याची वाक्यं आणि माझी उत्तरं रचत राहिले, तर घड्याळ पुढे जातं आणि ठोके तिथेच राहतात. सात वर्षांपूर्वी मी तेच केलं होतं.

म्हणून मी तक्त्याकडे परत गेले. आकडे जुळवले नाहीत, नुसते मोठ्यानं वाचले, पुटपुटल्यासारखे, एकेक ओळ. मग उठून हातांवर पाणी घेतलं. जिन्यानं दोन मजले खाली गेले आणि वर आले. पहिली दहा मिनिटं मनात सिनेमा चालूच होता. त्याच्या आयुष्यात कोणीतरी आलंय, त्याला काहीतरी आजार निघालाय, त्याला हे घर सोडायचंय. दर वेळी मी स्वतःला एकच विचारत होते, हे मला माहीत आहे की मी रचते आहे? रचते आहे. पुढचा आकडा. पंचवीस मिनिटांनी घड्याळात ८४ दिसलं. उरलेली भीती तशीच होती, पण आता ती बाजूला बसली होती आणि मला टाइप करता येत होतं.

मी लिहिलं, ‘वाचलं. नक्की बोलूया. आज साडेआठला, ती झोपली की, चालेल? तातडीचं किंवा तब्येतीचं काही असेल तर आत्ता सांग, लगेच फोन करते.’

‘ती’ म्हणजे आमची लेक, पाच वर्षांची.

यातला शब्द न् शब्द मी निवडला होता, म्हणून सांगते. ‘वाचलं’ यासाठी की निळ्या खुणा दिसून अर्धा तास होत आला होता आणि तिकडे तोही दगडाकडे बघत बसला असणार. हे आपण विसरतो. असा मेसेज पाठवणारा माणूस निर्धास्त नसतो. बऱ्याचदा त्यानं तो एवढ्याचसाठी पाठवलेला असतो की एकदा पाठवला की संध्याकाळी त्याला स्वतःला माघार घेता येऊ नये. ‘बरं’ मी लिहिलं नाही, कारण एकट्या ‘बरं’मध्ये आमच्याकडे रुसवा ऐकू येतो. ‘ठीक आहे’ तर दार ओढून घेतल्यासारखं. ‘नक्की बोलूया’मध्ये मी ‘हवं’ काढून टाकलं आणि माझ्या बाजूनं इच्छा घातली. वेळ मात्र घड्याळाची दिली. ‘संध्याकाळी बघू’ म्हटलं असतं तर न कळण्याच्या गोष्टी एकाच्या दोन झाल्या असत्या, काय आणि कधी. ‘काय’ आत्ता कळणार नव्हतं. ‘कधी’ पक्कं करता येत होतं. आणि वेळही त्याच दिवसाची. तीन दिवसांनंतरची वेळ देणं म्हणजे शांतपणाच्या नावाखाली पळणं.

शेवटचं वाक्य मी सगळ्यात जास्त वेळ घोळवलं. विषय विचारायचा नाही हे ठरलं होतं, पण आई पडली असेल, रिपोर्ट आला असेल, तर साडेआठपर्यंत मी इथे आकडे पुटपुटत बसायचं का? म्हणून विषय न विचारता फक्त गोष्टीचा आकार विचारला. त्याचं उत्तर समोरचा दोन शब्दांत देऊ शकतो आणि त्यासाठी त्याला काही उघड करावं लागत नाही. बदाम किंवा हसरा चेहरा मी टाकला नाही. त्याला काही कठीण सांगायचं असेल तर माझा बदाम त्याच्या वाटेत आला असता.

एका मिनिटात उत्तर आलं. ‘चालेल. तातडीचं नाही.’

मी पुन्हा काही लिहिलं नाही. हे लिहायला एक ओळ लागते, करायला पावणेपाच तास लागले. चारच्या सुमाराला ‘फक्त एवढं सांग, वाईट आहे का?’ असं टाइप करून झालं होतं. पुसलं. दुसरा मेसेज पहिल्याचं सगळं केलेलं धुऊन टाकतो. मी तुला साडेआठपर्यंत वेळ दिला आहे हे म्हणणं खोटं ठरवतो. ती गरज कुठेतरी उतरवायला हवी होती, म्हणून मी कागदावर लिहिलं, मला कशाची भीती वाटते आहे. चार ओळी झाल्या. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

मी हे सगळं लिहिते आहे ते आमच्या घरापुरतं खरं आहे, हेही मला माहीत आहे. आमच्याकडे बोलणं म्हणजे बोलणं असतं. आवाज चढतो, हात चढत नाही. माझ्या एका मैत्रिणीला तिचा जोडीदार असे मेसेज दर आठवड्याला टाकायचा. वेळ विचारली की ‘कळेल तुला’ म्हणायचा आणि मग दोन-दोन दिवस बोलायचाच नाही. तिनं किती शांतपणे उत्तर दिलं यानं तिथे काही फरक पडणार नव्हता. तिला ताटकळत ठेवणं हाच तिथे हेतू होता. फरक ओळखायचा तर मला वाटतं त्या वेळेच्या प्रश्नावरच कळतो. ज्याला खरंच बोलायचं असतं त्याला वेळ मिळाली की सुटल्यासारखं होतं. ज्याला घाबरवायचं असतं तो वेळ पक्की होऊच देत नाही. आणि घरी पोचायचीच भीती वाटत असेल, तर मेसेजचं उत्तर कसं लिहावं हा प्रश्नच उरत नाही. आधी आपल्या माणसांपैकी कोणाला तरी सोबत घ्यायला हवं.

साडेआठला लेक झोपली नव्हती. आठ चाळीसला झोपली. ती दहा मिनिटं आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना पडून होतो, अंधारात, तिचा श्वास लांब होत जाताना ऐकत. त्याचा श्वास मात्र लांब होत नव्हता. बाहेर आलो, दोन्ही फोन आतच ठेवले. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि बराच वेळ नखांकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘मला दुसरं मूल नकोय.’ आणि मग, ‘दोन वर्षं मी बघू बघू म्हणतोय. खरं तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.’

माझ्या कागदावरच्या चार ओळींत हे नव्हतं.

शांत उत्तर दिलं म्हणून बातमी मऊ झाली नाही. मी रडले. दोन वर्षं मी मनात जी खोली सजवत होते तिचा दिवा कोणीतरी मालवल्यासारखं झालं. रागही आला, ‘नको’चा कमी आणि ‘बघू’चा जास्त. पण मी ते त्याला सांगू शकले, याच शब्दांत. आणि तो जागेवर बसून होता. मागे सरकला नाही, फोन नव्हताच बंद करायला. त्यानं मला लेकीच्या जन्मानंतरच्या त्या महिन्यांबद्दल सांगितलं, रात्री उठून मोरीत नळ सोडून रडायचा त्याबद्दल. हे मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या उशीवर झोपणाऱ्या माणसाचं पाच वर्षं जुनं रडणं. साडेअकराला आम्ही थांबलो, काहीही न ठरवता. उठताना तो म्हणाला, ‘बाराला लिहिलेला तो मेसेज. सव्वातीनपर्यंत पाठवायची हिंमत होत नव्हती. वाटलं, तू फोन करशील आणि मी कसलंतरी दुसरंच कारण सांगेन.’ मी फोन केला असता तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही अधूनमधून करते. बहुधा आणखी दोन वर्षं ‘बघू’.

विषय संपलेला नाही. मला अजूनही दुसरं मूल हवंसं वाटतं. काही दिवस नाही वाटत. गेल्या सोमवारी दुपारी ते फार वाटलं. मी फोन घेतला आणि ‘आपल्याला बोलायला हवं’ एवढं टाइप झालं होतं, अंगठा बाणावर. तिथून परत आले आणि सगळं पुसून पुन्हा लिहिलं. ‘दुसऱ्या मुलाबद्दल पुन्हा एकदा बोलावंसं वाटतंय. भांडायचं नाहीये, थोडं वाईट वाटतंय. शनिवारी सकाळी?’

दोन मिनिटांनी फोन थरथरला. ‘वाचलं. शनिवारी दहाला? आज वाईट वाटतंय तर आज रात्रीही चालेल मला.’